पेंडेची पोती मोज

अगं, तुझा प्रकल्प अहवाल वाचला. यंत्रांची कोटेशनं जोडली आहेस, जागेचा भाडेकरार आहे, नफ्या-तोट्याचे तक्ते एकमेकांशी जुळतात. ‘बाजारपेठ अभ्यास’ या मथळ्याखालची अडीच पानं मात्र काढून टाक. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, हे खरं आहे. लोक तब्येतीला जपू लागले आहेत, हेही असेल. पण बार्शीत तुझ्या लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल महिन्याला किती लिटर खपेल, हे त्या अडीच पानांत कुठेच नाही. कर्ज विभागात असताना अशी पानं आम्ही उलटून पुढे जायचो आणि विक्रीच्या तक्त्यावर थांबायचो. तिथे लिहिलेले लिटर कुठून आले, तेवढंच शोधायचं असायचं. तू महिन्याला २,६०० लिटर लिहिले आहेस. ती दोन घाण्यांची पूर्ण क्षमता आहे, मागणी नव्हे. यंत्र जितकं गाळू शकतं तितकं गाव विकत घेईल, असं गावाने कुठे कबूल केलंय?

सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १० लाख, म्हणून मोठा प्रकल्प करावासा वाटतो, हे मला कळतं. पण उरलेलं कर्ज तुझंच असतं आणि त्याचा हप्ता विकलेल्या तेलातून जातो.

आता हे प्रकरण कसं लिहायचं ते सांगते. पुढचे सर्वेक्षणाचे आकडे मी हिशेब दाखवण्यापुरते धरलेले आहेत. तुझे खरे आकडे तुला गावातूनच आणावे लागतील, पायऱ्या मात्र याच.

आधी घरं किती ते ठरव. २०११ च्या जनगणनेत बार्शी शहराची लोकसंख्या एक लाख अठरा हजारांच्या पुढे होती. घरटी साडेचार-पावणेपाच माणसं धरली तर पंचवीस हजारांच्या आसपास घरं होतात. हा आकडा जुना आहे, म्हणून नगरपालिकेतल्या मालमत्ता कराच्या नोंदींशी ताडून बघ. तिथे दुकानं, गोदामं आणि कुलूपबंद वाडेही असतात, तेव्हा निवासी नोंदीच घे. नोंदी जास्त दिसल्या तरी आपण पंचवीस हजारांवरच थांबू. अहवालात कमी धरलेल्या आकड्यावर कोणी बोट ठेवत नाही.

मग येतो नमुना. तू मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉर्म फिरवून १४० उत्तरं गोळा केलीस आणि ‘८९ टक्के लोकांना घाण्याचं तेल हवं आहे’ असं लिहिलंस. त्या ग्रुपमधल्या बायका तुझ्या वयाच्या, तुझ्यासारख्या शिकलेल्या आणि तुझं मन न मोडणाऱ्या आहेत. अशी १,४०० उत्तरं आणलीस तरी चूक तेवढीच राहील. नमुना मोठा केल्याने नशिबाचा फरक कमी होतो, एका बाजूला झुकलेली निवड सरळ होत नाही.

त्याऐवजी २०० घरं घे. दोनशेच का, असं बँकेत विचारतील, म्हणून कारण समजून घे. होय-नाही अशा उत्तराच्या प्रश्नाला, शंभरात पंचाण्णव वेळा खरं ठरेल असं उत्तर हवं असेल, तर १०० घरांत फरक दोन्ही बाजूंना जवळजवळ १० टक्क्यांचा राहतो, २०० घरांत ७ चा, आणि ५ वर आणायचा तर ३८४ घरं लागतात. हे निम्म्या घरांनी होय म्हटलं तर. होय म्हणणारी घरं थोडी असतील तर फरक आणखी कमी होतो. गाव पंचवीस हजार घरांचं असो की पंचवीस लाखांचं, हे आकडे फारसे हलत नाहीत. ‘लोकसंख्येच्या दहा टक्के नमुना’ हे जे लोक ठोकून देतात त्याला काही आधार नाही. फरक निम्मा करायचा तर घरं चौपट करावी लागतात. तू आणि तुझा भाऊ मिळून ८०० घरं नीट विचारू शकणार नाही. अर्धी उत्तरं चहाच्या टपरीवर बसून भराल. २०० नीट होतील.

ती निवडायची मतदार यादीवरून. यादी भागवार असते, घरक्रमांक असतात आणि ती सर्वांना बघता येते. शहरभरातले वीस भाग चिठ्ठ्या टाकून काढ आणि प्रत्येकात ठरावीक अंतराने दहा घरं घे. चार भागांत पन्नास-पन्नास घरं करणं सोपं वाटेल, पण एका गल्लीतली घरं एकमेकांसारखी असतात. पन्नास घरं विचारूनही तू पंधरा-वीसच विचारल्यासारखं होईल. दार बंद असलं तर लगेच शेजारचं घर घेऊ नकोस. दुपारी उघडी असणारी घरं आणि दोघंही कामावर जाणारी घरं यांचं तेल वेगळं असतं. संध्याकाळी परत जा, रविवारी जा, तिसऱ्या वेळी सोड आणि ‘भेटले नाहीत’ अशी नोंद ठेव. भाड्याने राहणारी बरीच कुटुंबं या यादीत नसतात, तेही अहवालात एका वाक्यात सांगून टाक. आपणहून सांगितलेली उणीव वाचणाऱ्याचा विश्वास वाढवते.

काय विचारायचं? ‘शुद्ध तेल आवडेल का?’ हे नाही. पाणी हवं का विचारल्यावर कोणी नको म्हणत नाही. झालेल्या खरेदीबद्दल विचार: मागच्या महिन्यात कोणतं तेल आणलं, कुठून, किती, किती पैसे पडले. आणि मग म्हण, ‘काकू, डबा दाखवता का?’ ही एक विनंती तुझं निम्मं सर्वेक्षण वाचवेल.

कशी ते बघ. समज, २०० पैकी २६ घरांनी सांगितलं की आम्ही घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतो. म्हणजे १३ टक्के. प्रत्येक घरात सरासरी दोन लिटर, कारण भाजी-आमटीला घाण्याचं आणि तळणीला रिफाइंड अशी विभागणी बहुतेक घरांत असते. पंचवीस हजारांचे १३ टक्के म्हणजे ३,२५० घरं, दोन लिटरप्रमाणे ६,५०० लिटर. तुझे २,६०० त्यापुढे मवाळ वाटायला लागतात आणि इथेच बहुतेक अहवाल थांबतात. पण डबे पाहिल्यावर २६ पैकी ९ घरांत दुकानातला फिल्टर्ड शेंगदाणा तेलाचा कॅन निघाला. ते तेल एक्सपेलरवर काढलेलं. त्या बाईच्या दृष्टीने रिफाइंड नसलेलं सगळंच घाण्याचं, आणि डब्यावर घाण्याचं चित्र असलं की प्रश्नच मिटला. ती खोटं बोललेली नाही, पण ती आजच्या घाण्यांची गिऱ्हाईक नाही. उरली १७ घरं, म्हणजे साडेआठ टक्के. मागणी झाली ४,२५० लिटर.

आणि तीही एक रेघ नव्हे, पट्टा आहे. २०० घरांत १७ आली तर खरं प्रमाण साडेचार ते साडेबारा टक्क्यांत कुठेही असू शकतं, म्हणजे २,३०० ते ६,२०० लिटर. एवढ्या रुंद पट्ट्यावर कोणी कर्ज देत नाही आणि तूही घेऊ नयेस. म्हणून त्याच आकड्याकडे दुसऱ्या वाटेने जायचं, जिचा या घरांशी संबंध नाही. ती वाट प्रतिस्पर्ध्यांकडून जाते.

तुझ्या अहवालात प्रतिस्पर्ध्यांचं एक कोष्टक आहे: नाव, पत्ता, ‘सेवा: मध्यम’, ‘गुणवत्ता: साधारण’. हे कोणी ठरवलं? तू. ते काढ. पाऊचवाल्या कंपन्यांना एका परिच्छेदात संपव. त्यांच्याशी तुझी भावाची बरोबरी होणार नाही आणि तू ती करतही नाहीस. फक्त भाव लिहिताना सगळे एका मापावर आण. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर येतं, तर १५ लिटरच्या डब्यात जेमतेम १३ किलो ६५० ग्रॅम. दोन्ही डबे दुकानात शेजारी असतात, दिसायला सारखे. तू एकाचा भाव लिटरने आणि दुसऱ्याचा किलोने लिहिला आहेस, त्यामुळे शेजारचा घाणा उगाच महाग दिसतो.

खरे प्रतिस्पर्धी म्हणजे गावातले चार घाणे. ते महिन्याला किती विकतात? मालकाला विचारलंस तर नवा माणूस बघून कमी सांगेल, किंवा फुशारकीने जास्त. म्हणून तेल विचारू नकोस, पेंड विचार. घाण्यावर १०० किलो शेंगदाण्यातून साधारण ४० किलो तेल निघतं आणि थोडी घट जाऊन ५६-५७ किलो पेंड उरते. म्हणजे एक किलो तेलामागे अंदाजे एक किलो चारशे ग्रॅम पेंड. तेल शंभर घरांत बाटल्या-बाटल्यांनी जातं, पेंड मात्र दोन-तीन पशुखाद्यवाल्यांकडे आणि गोठेवाल्यांकडे पोत्यांनी जाते. पोती कोणी लपवत नाही. गोठेवाल्याला ‘कोणत्या घाण्यावरून महिन्याला किती पोती उचलता?’ असं विचारलं की तो सहज सांगतो, कारण त्याच्या लेखी ते गुपितच नसतं.

समज, चारही घाण्यांची मिळून महिन्याला ५० किलोची ९६ पोती जातात. ४,८०० किलो पेंड. भागिले एक पूर्णांक चार, म्हणजे ३,४३० किलोच्या आसपास तेल. लिटरमध्ये सुमारे ३,७७०. घरांकडून आलेला आकडा होता ४,२५०. दोन्ही वाटा एकमेकींपासून फार दूर गेल्या नाहीत. उरलेले पाचशे-एक लिटर सोलापूर-पुण्याहून येताना आणलेलं, गावाकडून आलेलं, पार्सलने मागवलेलं असं समजायला हरकत नाही; घरांच्या प्रश्नावलीत ‘कुठून’ हा रकाना आहे, त्यातून पडताळ. आणि गंमत बघ: डबे न पाहता ६,५०० वर थांबली असतीस तर पेंडेने तुला तिथेच अडवलं असतं. एवढ्या तेलाची पेंड गेली कुठे, याला उत्तर नव्हतं.

पेंडेच्या हिशेबालाही मर्यादा आहेत. काही शेतकरी स्वतःचे शेंगदाणे आणून मजुरीवर गाळून घेतात आणि पेंड घरी नेतात. ती या पोत्यांत दिसत नाही, पण ते तेल विकलंही जात नाही, तेव्हा ते वेगळं लिही. घाण्यावर करडई आणि खोबरंही गाळतात. शेंगदाण्याची पेंड किती, हे नेमकं विचार. शंका आली तर महिन्याचा पहिला रविवार आणि शेवटच्या आठवड्यातला एक साधा दिवस घाण्यासमोर बसून गिऱ्हाईक मोज. पगाराच्या आठवड्यातली गर्दी महिनाभर असते असं समजू नकोस.

महिनाही बघ. श्रावणात विचारायला निघालीस तर शेंगदाणा तेल फुगून दिसेल, कारण उपवासाला तेच चालतं, आणि भगवंताच्या बार्शीत एकादशी धरणारी घरं कमी नाहीत. दिवाळीच्या आधीचा महिना तर विचारूच नये. साधा महिना पकड आणि सणाचा चढ विक्रीच्या तक्त्यात महिन्यागणिक दाखव. बारा महिने एकच आकडा लिहिलेला तक्ता बघितला की वाचणाऱ्याला कळतं, हा खुर्चीत बसून केलाय.

इथपर्यंत गावाची मागणी झाली. तिच्यातलं तुझं किती? ‘बाजारपेठेच्या २० टक्के हिस्सा मिळेल’ हे वाक्य मी पुष्कळ अहवालांत वाचलं, त्याचं कारण क्वचितच. तुझी विक्री दोनच ठिकाणांहून येणार: आज घाण्याचं तेल न घेणारी घरं, आणि दुसऱ्या घाण्यावरून तुझ्याकडे वळणारी घरं. दोन्ही वेगळी काढ.

न घेणारी १८३ घरं आहेत. एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घे, दुसऱ्या गावातल्या घाण्यावरून मजुरीने तेल गाळून आण आणि बाटली घेऊनच दारात जा. या घरांचे तीन गट कर, प्रत्येकी ६१ चे. एका गटाला लिटरचा भाव ३०० सांग, दुसऱ्याला ३३०, तिसऱ्याला ३६०. एका घराला एकच भाव सांगायचा. तिन्ही भाव पुढे ठेवलेस तर प्रत्येक जण सर्वांत स्वस्तावर बोट ठेवतो आणि तुला काही कळत नाही. ‘घेऊ की’ याला उत्तर समजू नकोस. ५० रुपये आगाऊ देईल त्याचंच नाव लिही. समज, ३०० ला ९ घरांनी पैसे दिले, ३३० ला ६, ३६० ला २. तुझा खर्च बघता ३३० च्या खाली तुला परवडत नाही. म्हणजे ६१ पैकी ६. आता महिनाभर थांब. बाटली संपल्यावर त्यातल्या किती जणींनी दुसरी मागितली? समज, तिघींनी. वास उग्र वाटला, तळताना फेस आला, सासूबाईंना चालेना, अशी कारणं बाकीच्या तिघींनी सांगितली, तीही अहवालात लिही. ६१ त तीन, म्हणजे सुमारे पाच टक्के.

पण हे पाच टक्के पंचवीस हजार घरांना लावू नकोस. तेल आणायला माणूस फार लांब जात नाही. सध्याच्या १७ घरांना विचार, घाणा घरापासून किती दूर आहे. त्यावरून तुझी हद्द आख. समज, त्या हद्दीत सात हजार घरं येतात. पाच टक्क्यांनी ३५० घरं, पण आज घाण्याचं तेल घेणारी वजा केली की ३२० च्या आसपास. नवं घर सुरुवातीला दोन लिटर घेत नाही, दीड धर. ४८० लिटर. तीन घरांवर उभा असलेला हा आकडा कच्चा आहे, हे तिथेच लिही. अख्ख्या प्रकरणात हाच सर्वांत कच्चा दुवा आहे आणि बँकेचा माणूस पहिलं बोट इथेच ठेवेल.

दुसऱ्या घाण्यावरून येणाऱ्यांचं असं. १७ घरांना विचार, गेल्या वर्षभरात घाणा बदलला का आणि का. समज, चार घरांनी बदलला होता: एकीला समोर गाळून दाखवत नव्हते, एकीची उधारी बंद झाली, दोघींच्या येण्या-जाण्याची वाट बदलली. म्हणजे वर्षात साधारण पाव भाग गिऱ्हाईक हलतं. ३,७७० लिटरचा पाव भाग ९४० च्या आसपास, आणि घेणारे आता पाच. तुझ्या वाट्याला एकशे नव्वदच्या आत-बाहेर. जे हलतच नाहीत, ते भावाने किंवा फलकाने येणार नाहीत. उधारीच्या वहीने बांधलेलं गिऱ्हाईक तर येऊ नये हेच बरं.

४८० आणि १९० मिळून ६७० लिटर. पहिल्या वर्षासाठी महिन्याची सरासरी एवढीच लिही. आता यंत्राकडे ये. एका घाण्यावर एका खेपेला १५ किलो दाणे, खेपेला साधारण तास, दिवसाला आठ खेपा धरल्या तर १२० किलो दाणे, ४८ किलो तेल, म्हणजे ५२-५३ लिटर. पंचवीस दिवसांचे १,३००. तुझी ६७० लिटरची विक्री म्हणजे एका घाण्याची निम्म्याहून थोडी जास्त क्षमता. दोन घाण्यांची पाव. पहिला आकडा बँक पचवते, दुसऱ्याला परत पाठवते, आणि परत नाही पाठवलं तर तुझंच नुकसान.

तेव्हा दुसऱ्या घाण्याचं कोटेशन फाईलमधून काढ आणि प्रकल्प खर्च पुन्हा मांड. बाजारपेठेचं प्रकरण अडीच पानांचंच होऊ दे, पण त्यात घरांचा आकडा आणि तो कुठून घेतला ते, वीस भागांची यादी, भेटले-न भेटलेले, २६ चे १७ कसे झाले, पोत्यांचा हिशेब आणि तीन भावांचं कोष्टक एवढं असू दे. भरलेल्या प्रश्नावल्या परिशिष्टात जोडू नकोस, लोकांची नावं त्यात आहेत. कोरी प्रत जोड आणि भरलेल्या घरी ठेव, मागितल्या तर दाखव. मॅनेजर विचारतील, ‘पाचवा तुम्ही, सहावा आला तर?’ त्यांना सांग की वळणाऱ्यांचे १९० लिटर पाचाऐवजी सहात वाटले जातील आणि १६० च्या खाली येतील, नव्या घरांच्या ४८० लाही तेवढा हिशेब लावून दाखव, आणि तेवढ्यात हप्ता निघतो का ते तक्त्यात आधीच मांडून ने. निघत नसेल तर मला फोन कर, मग आपण कर्जाची मुदत बघू.